आजोबांचं गाऱ्हाणं म्यूट करू नकोस

पत्र: ताई, मी मालवण तालुक्यातल्या एका गावातली. दोन वर्षं यूट्यूबवर गावाकडचे व्हिडिओ टाकते, चॅनल मॉनेटाइझ झालाय. यंदा चतुर्थीचा 26 मिनिटांचा व्हिडिओ टाकला, त्यात गणपतीवरची माटवी बांधण्यापासून आरतीपर्यंत सगळं आहे. टाकल्यावर दोन कॉपीराइट क्लेम आले. पहिला 3:40 ते 5:10, तिथे आजोबा देवाला गाऱ्हाणं घालतायत आणि मागे पलीकडच्या वाडीतल्या स्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजतंय. त्यामुळे व्हिडिओ काही देशांत दिसतच नाही, मस्कतची मावशी रोज फोन करते. दुसरा 14:20 ते 18:05, तिथे आम्ही घरातलेच 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणतोय, तरी कुठल्यातरी अल्बमचं नाव आलंय आणि जाहिरातीचे पैसे त्यांना जातायत. मैत्रीण म्हणते डिलीट कर नाहीतर चॅनल जाईल. चुलतभाऊ म्हणतो दोन्हीवर डिस्प्युट ठोक, गाणं आपण लावलंच नव्हतं. मला वाटतं तेवढा भाग म्यूट करावा आणि सुटावं. तीच गणपतीची रील इन्स्टावर टाकली तर तिचाही आवाज गेला. मेल येऊन चार दिवस झालेत. काय करू?

उत्तर:

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी हे उत्तर तुला मेलवर पाठवलं, कारण यात एक पाच दिवसांची भानगड आहे, ती पुढे सांगते. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी, कारण चतुर्थी आणि शिमगा झाला की अशी पत्रं येतातच.

सगळ्यात आधी एक काम कर. तो व्हिडिओ ज्या फाईलवरून अपलोड केलास ती मूळ फाईल कुठे आहे ते बघ. फोनमध्ये असेल तर पेनड्राईव्हवर काढ, आणि नुसता तयार व्हिडिओ नको, गाऱ्हाण्याची कच्ची क्लिप पण काढ. फाईल उडालीच असेल तर यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचा व्हिडिओ डाउनलोड करता येतो, तो जास्तीत जास्त 720p मध्ये मिळतो पण काहीच नसण्यापेक्षा बरा. हे आधी का, तर आता आपण त्या व्हिडिओच्या आवाजाला हात लावणार आहोत, आणि तुझ्या आजोबांचं गाऱ्हाणं दुसरीकडे कुठे रेकॉर्ड नसेल तर ते असं एका वेबसाइटच्या भरवशावर ठेवायचं नाही.

आता मैत्रिणीची भीती. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींच्या मेलमध्ये कॉपीराइट हा शब्द असतो म्हणून सगळे घाबरतात. तुला आलाय तो कंटेंट आयडीचा क्लेम. म्हणजे म्युझिक कंपन्यांनी आपली गाणी यूट्यूबकडे दिलेली असतात, मशीन प्रत्येक अपलोडचा आवाज त्यांच्याशी ताडून बघतं, जुळलं की त्या कंपनीने आधीच ठरवून ठेवलंय ते आपोआप होतं. कोणी व्हिडिओ अडवतं, कोणी पैसे घेतं, कोणी नुसतं व्ह्यूज मोजत बसतं. यात चॅनलवर डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने हा व्हिडिओ काढा अशी कायदेशीर विनंती रीतसर पाठवणं. तो 90 दिवस राहतो आणि त्या मुदतीत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतो. तुझ्याकडे आत्ता एकही नाही. त्यामुळे डिलीट करून काही वाचणार नाहीये, व्ह्यूज आणि कमेंट तेवढ्या जातील, आणि तोच व्हिडिओ परत टाकलास तर तेच दोन क्लेम परत येतील कारण आवाज तोच आहे. (आणि स्ट्राइक आल्यावर व्हिडिओ डिलीट केला तरी स्ट्राइक जात नाही, हेही कोणी विचारतं म्हणून सांगून ठेवते.)

चुलतभाऊ म्हणतो दोन्हीवर डिस्प्युट. तू म्हणतेस म्यूट. दोघंही दोन्ही क्लेमना एकच औषध देताय, आणि माझा मुद्दा तिथेच आहे. हे दोन क्लेम एकाच व्हिडिओवर असले तरी त्यांची जात वेगळी आहे, एकात समोरच्याचं बरोबर आहे आणि दुसऱ्यात, मला वाटतं, तुझं.

पहिला घेऊ. गाणं आपण लावलं नव्हतं हे खरं, पण क्लेम विचारत नाही कोणी लावलं, तो विचारतो तुझ्या व्हिडिओत ते गाणं आहे का. आहे. दीड मिनिट आहे आणि ओळखू येतंय. आता यावर लोक तीन गोष्टी हमखास सांगतात. एक, दहा किंवा तीस सेकंदांपर्यंत चालतं. असा कुठलाही नियम नाही, ना यूट्यूबचा ना आपल्या कायद्यात. दोन, खाली डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट दिलं की झालं. क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. तिसरी गोष्ट जरा विचार करण्यासारखी आहे, कारण तिच्यात अर्धं खरं आहे. लोक म्हणतात की धार्मिक कार्यात गाणी लावायला परवानगी लागत नाही. बरोबर, आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 मध्ये तशी सूट आहे, खऱ्याखुऱ्या धार्मिक कार्यात गाणं वाजवणं किंवा गाणं हे उल्लंघन धरत नाहीत, लग्नाची वरात पण त्यातच येते. पण ही सूट त्या वाडीतल्या मंडपात स्पीकर लावणाऱ्याला आहे. त्याचं रेकॉर्डिंग करून जगभर दिसेल असं टाकणाऱ्याला नाही. म्हणून पहिल्या क्लेमवर डिस्प्युट करू नकोस. चुलतभावाला राग आला तरी चालेल.

मग म्यूट का नको? आधी स्क्रीनवर काय दिसतं ते सांगते. यूट्यूब स्टुडिओ कॉम्प्युटरवर उघड, मोबाईलवर हे काम करताना डोकं उठतं. कंटेंटमध्ये जा, त्या व्हिडिओच्या ओळीत रिस्ट्रिक्शन्सच्या रकान्यात कॉपीराइट असं लिहिलेलं दिसेल, त्यावर माउस नेलास की तपशील बघायची लिंक येते. आत दोन्ही क्लेम वेगवेगळे दिसतील, प्रत्येकात गाण्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, कोणी क्लेम केलाय आणि परिणाम काय. पहिल्या क्लेमसमोर काय करायचंय ते निवडायला गेलीस की साधारण चार वाटा असतात: तो तुकडा कापून टाकणं, गाणं बदलणं, नुसतं गाणं पुसणं, आणि त्या भागाचा सगळाच आवाज बंद करणं. चारही वाटांनी क्लेम सुटतो, लिंक तीच राहते, व्ह्यूज आणि कमेंट तसेच राहतात. फरक पडतो तो व्हिडिओत काय उरतं याचा.

सगळा आवाज बंद केलास तर 3:40 ते 5:10 आजोबा हात जोडून उभे दिसतील, ओठ हलतील, बाकीची माणसं मान हलवतील आणि 'व्हय म्हाराजा' कोणालाच ऐकू येणार नाही. गाऱ्हाण्यात आवाजाशिवाय असतंच काय? मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची नावं घेऊन, कोणाचं लग्न, कोणाची नोकरी, सगळं देवाच्या कानावर घालतात ते, आणि प्रत्येक वाक्यावर खळ्यातल्या सगळ्यांचा होकार. तो तुकडा कापायचा असेल तरी तोच प्रश्न, शिवाय पुढचं सगळं दीड मिनिट अलीकडे सरकतं, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये तू वेळा लिहिल्या असशील तर त्याही चुकतात.

गाणं बदलणं म्हणजे `Replace song`. यात यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं एखादं फुकट गाणं त्या भागावर बसतं. तुझ्याकडचं संगीत किंवा तू घरी साफ केलेला आवाज इथे घालता येत नाही, त्या लायब्ररीतूनच निवडावं लागतं. तारकर्लीच्या होडीचे नाहीतर भातशेतीचे नुसते शॉट असतील, ज्याच्यावर तू स्वतःच गाणं लावलं होतंस, तिथे ही वाट एकदम सोयीची आहे. गाऱ्हाण्याच्या मागे गिटार मात्र नको गं.

राहिलं `Erase song`. हे गाणं वेगळं काढून पुसायचा प्रयत्न करतं आणि बोलणं ठेवतं. 2024 च्या जुलैत यूट्यूबने याची नवी आवृत्ती आणली. तुझ्या केसला हेच पहिलं लाव. कारण गाऱ्हाणं हे बोलणं आहे, जरी त्याला हेल असला तरी, आणि गाणं लांबून, पलीकडून, स्पीकरमधून येतंय. बोलणं जवळ आणि गाणं लांब असलं की वेगळं निघायची शक्यता बरी असते. उलट गाणं मोठ्याने आणि माणूस लांब असेल तर शब्द खरवडल्यासारखे होतात, नाहीतर गाणं नीट वेगळं करता येत नाही आणि मग म्यूट किंवा ट्रिमच उरतं. प्रोसेसिंगला वेळ लागतो, कधी काही तास, तोवर सारखं रिफ्रेश करत बसू नकोस. झालं की क्लेम गेलाय का ते बघ, आणि मग हेडफोन लावून 3:30 पासून 5:20 पर्यंत पूर्ण ऐक. मुद्दाम दोन्ही बाजूला दहा दहा सेकंद जास्त सांगतेय, कारण जोडाच्या जागी आवाज एकदम बदललेला कानाला टोचतो. 'व्हय म्हाराजा' हे सगळे एका सुरात म्हणतात, तिथे खास कान दे, समूहाचा आवाज अशा ठिकाणी पातळ होऊ शकतो.

एक मर्यादा लक्षात असू दे, तुला नाही पण वाचणाऱ्या कोणाला तरी लागेल. चॅनल मॉनेटाइझ नसेल आणि व्हिडिओ एक लाख व्ह्यूजच्या पुढे गेला असेल तर एडिटरमधले असे बदल बहुधा सेव्ह होत नाहीत. म्हणजे व्हिडिओ चालायला लागायच्या आत हे उरकायचं.

आणि इरेज करूनही शब्द नीट उरले नाहीत तर? तर माझं मत, या व्हिडिओत तेवढा भाग म्यूट कर आणि स्क्रीनवर दिसतील अशा सबटायटलमध्ये गाऱ्हाण्याचे शब्द मालवणीत जसेच्या तसे लिही. आजोबांसमोर बसून लिहून घे, तू ऐकून लिहिलेल्यात नावं चुकतील. मग दुपारी सगळीकडे शांत असताना त्यांच्याकडून गाऱ्हाणं परत म्हणवून घेऊन वेगळा छोटा व्हिडिओ टाक. सणाच्या दिवसाचं ते नसेल, पण मावशीला शब्द तरी कळतील.

आता दुसरा क्लेम, आणि इथे मात्र मागे हटू नकोस. फक्त डिस्प्युट करण्याआधी एक परीक्षा स्वतःची घे.

गाण्यात हक्क दोन थरांत असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. 'सुखकर्ता दुःखहर्ता' ही समर्थ रामदासांची, त्यांचा काळ 1608 ते 1681. आपल्याकडे कवी गेल्यावर 60 वर्षांनी त्याच्या शब्दांवरचा हक्क संपतो, म्हणजे या आरतीचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत. पण एखाद्या कंपनीने ती आरती गायकांकडून गाऊन घेऊन 1990 मध्ये कॅसेट काढली असेल तर त्या रेकॉर्डिंगवर त्यांचा हक्क आहे, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, म्हणजे 2050 संपेपर्यंत. कॅसेटवरची आरती तू व्हिडिओत वाजवलीस तर क्लेम खरा. तुझ्या घरच्यांनी आपल्या गळ्याने, घराण्यात चालत आलेल्या चालीत म्हटली तर त्या कॅसेटचा काहीही संबंध नाही. मग जुळलं कसं? मशीन नुसतं रेकॉर्डिंग ताडत नाही, चालीचं साम्यही पकडतं, आणि आरतीची चाल घराघरांत जवळपास तीच असल्यामुळे तुमचा आवाज त्या अल्बमसारखा वाटला. यूट्यूबचा नियमच आहे की ज्यावर आपला एकट्याचा हक्क नाही ते कंपनीने कंटेंट आयडीच्या यादीत टाकायचं नाही, पण अल्बम पाठवणारे सगळे ट्रॅक सरसकट पाठवतात आणि आरत्या, स्तोत्रं, अभंग त्यात येतात.

तर परीक्षा ही. हेडफोन लावून 14:20 ते 18:05 सलग ऐक आणि तीन गोष्टी शोध. त्या वेळी कोणी मोबाईलवर किंवा ब्लूटूथ स्पीकरवर आरती लावून तिच्यासोबत म्हणत होतं का? हल्ली बऱ्याच घरांत लावतात, आणि झांजांच्या आवाजात लक्षात राहत नाही. दुसरं, पावणेचार मिनिटांत एकच आरती असेल असं नाही, पुढे काय काय म्हटलंय? त्यात एखादी अलीकडच्या कवीची आरती असेल तर तिच्या शब्दांवर हक्क आहे. तिसरं, आणि आपल्या भागात हेच जास्त अडचणीचं, आरतीनंतर भजनाचा गजर झाला का आणि तो सिनेमाच्या चालीवर होता का? आपले बुवा गजर असे बसवतात की लोक उठून नाचतात, पण चाल त्या संगीतकाराची असते, शब्द देवाचे घातले म्हणून ती आपली होत नाही.

हे मी पदराला खार लावून शिकलेय. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या शिमग्याच्या पालखीचा व्हिडिओ मी टाकला होता, सोबत बेंजो पार्टी. क्लेम आला तसा मी डिस्प्युट ठोकला, कारण लिहिलं की हे आमच्या मुलांनी प्रत्यक्ष वाजवलंय, कुठलंही रेकॉर्डिंग नाही. सगळं खरं होतं. पण मुलं वाजवत होती ती एका हिंदी सिनेमातल्या गाण्याची चाल होती. तीन आठवड्यांनी डिस्प्युट नाकारला गेला. रागारागात मी अपील करायला निघाले होते, मग क्लेम परत नीट वाचला तेव्हा कळलं की त्यांनी रेकॉर्डिंग नाही, चाल मागितली होती, आणि ती त्यांचीच होती. अपील केलं नाही म्हणून तिथेच थांबलं. त्या व्हिडिओचे पैसे आजही त्यांना जातात, व्हिडिओ मात्र सगळीकडे दिसतो, आणि मला ते चालतं.

तुझी परीक्षा तिन्ही ठिकाणी स्वच्छ निघाली तर त्या क्लेमसमोर डिस्प्युट निवड. आणि तेही आजच. तू लिहिलंस चार दिवस झालेत. क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत डिस्प्युट केला तर पहिल्या दिवसापासूनचे जाहिरातीचे पैसे यूट्यूब बाजूला अडकवून ठेवतं आणि निकाल लागल्यावर जिंकेल त्याला देतं. पाच दिवस उलटले की डिस्प्युट केल्या दिवसापासूनचेच अडकतात, आधीचे क्लेमवाल्याकडे. सणाच्या व्हिडिओला बघणारे पहिल्या आठवड्यातच जास्त येतात, त्यामुळे हा फरक छोटा नाही. हीच ती भानगड.

कारण विचारतील तिथे पर्याय असतात: सगळं माझंच आहे, माझ्याकडे लायसन्स आहे, फेअर यूज, आणि पब्लिक डोमेन. तू पब्लिक डोमेन घे, म्हणजे यावर आता कोणाचाच हक्क नाही. फेअर यूज घेऊ नकोस, तो टीका, परीक्षण, शिकवणं असल्या वापरासाठी असतो आणि तो घेतलास म्हणजे दुसऱ्याचंच वापरलंय पण सवलत द्या असं तूच कबूल केल्यासारखं होतं. मग खाली लिहायला जागा येते. तिथे आम्ही गरीब, छोटा चॅनल, देवाचं काम, हे काही लिहू नकोस. वाचणारा माणूस दुसऱ्या राज्यातला किंवा देशातला असेल, त्याला मराठी येईलच असं नाही, म्हणून सोप्या इंग्रजीत लिही, पण मजकूर असा असू दे:

"14:20 ते 18:05 या भागात आमच्या घरातली माणसं स्वतः आरती गात आहेत. झांजा आणि ढोलकी त्यांनीच वाजवली आहे, ते व्हिडिओत दिसतं. कुठलंही रेकॉर्डिंग वाजवलेलं नाही. ही आरती सतराव्या शतकातल्या समर्थ रामदासांची पारंपरिक रचना आहे आणि तिच्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. पारंपरिक चालीत गायली आहे. तुमच्या अल्बममधलं रेकॉर्डिंग या व्हिडिओत नाही. मूळ फाईल माझ्याकडे आहे."

बस एवढंच. वेळ, कोण गातंय, रचना कोणाची, रेकॉर्डिंग नाही. यात व्हिडिओत दिसतं हे वाक्य सगळ्यात कामाचं, त्यामुळे त्या पावणेचार मिनिटांत हातातल्या झांजा आणि गाणाऱ्यांची तोंडं खरंच दिसतायत का ते बघून मगच लिही. कॅमेरा सगळा वेळ मूर्तीवर असेल तर ते वाक्य बदल. शेवटी तुझं पूर्ण नाव सही म्हणून टाईप करायचं असतं.

त्यानंतर समोरच्याला 30 दिवस मिळतात. तो क्लेम सोडू शकतो, तीस दिवस गप्प बसला तर क्लेम आपोआप सुटतो, किंवा नाकारून क्लेम कायम ठेवू शकतो. थेट व्हिडिओ काढायची विनंतीही पाठवू शकतो. म्हणूनच परीक्षा आधी घ्यायला सांगितली. या महिन्यात व्हिडिओ चालू राहतो, तू काही करायचं नसतं, आणि क्लेमवाल्या कंपनीला इन्स्टावर जाऊन शोधून शिव्या घालणं तर अजिबात करायचं नसतं.

नाकारलाच तर पुढची पायरी अपील. तिथे समोरच्याला 7 दिवस असतात, आणि इथून खेळ बदलतो. अपील त्याला मान्य नसेल तर त्याला व्हिडिओ काढायची रीतसर विनंतीच करावी लागते, ती ग्राह्य धरली गेली की तुला स्ट्राइक. स्ट्राइकवर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे रीतसर हरकत, देता येतं, त्यात तुझं खरं नाव, पत्ता, फोन जातो आणि तो समोरच्याला दिसतो, मग त्याला 10 कामाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं, नाही दाखवलं तर व्हिडिओ परत येतो. तुझ्या जागी मी असते आणि आरतीचा भाग खरंच स्वच्छ असता तर मी अपील केलं असतं. पण घरच्यांना आधी सांगून, आणि चॅनलवर दुसरा कुठला स्ट्राइक नाही हे बघून. परीक्षेत जराही शंका आली, समजा शेवटचा गजर सिनेमाच्या चालीवर निघाला, तर अपील नको. डिस्प्युटही नको. मग पैसे जाऊ देत, व्हिडिओ दिसतोय ना.

आणि एक चूक करू नकोस, आरतीच्या भागाला `Erase song` लावू नकोस. पहिल्याचं छान झालं म्हणून हात तिकडे जाईल. तिथे गाणं म्हणजे तुम्हीच आहात.

क्रम मी असा ठेवीन: आज डिस्प्युट, कारण त्याला मुदत आहे, आणि लगेच त्यामागे पहिल्या क्लेमचं इरेज. एकाचा निकाल लागेपर्यंत दुसरं अडवून ठेवायची गरज नाही, मावशीला दिसत नाहीये ते पहिल्या क्लेममुळे.

रीलचं थोडक्यात. तुझं इन्स्टा बिझनेस अकाउंट आहे का ते सेटिंगमध्ये बघ. होमस्टेचा नंबर टाकायला म्हणून बरेच जण बिझनेस करतात, पण त्या अकाउंटला ट्रेंडिंग गाण्यांची पूर्ण लायब्ररी मिळत नाही, ती लायसन्स खाजगी वापरापुरती असतात. धंद्याच्या अकाउंटसाठी मेटाचं साउंड कलेक्शन आहे, त्यातलं घे. आणि इन्स्टाच्या लायब्ररीतलं गाणं लावून केलेली रील डाउनलोड करून यूट्यूब शॉर्ट्सवर टाकलीस तर ती परवानगी तिकडे लागू होत नाही, तिकडे परत क्लेम येईल.

पुढच्या वेळी अपलोड करताना चेक्स नावाची पायरी येते, तिथे पब्लिश करायच्या आधीच कॉपीराइट तपासून देतात. आपण घाईत पुढे पुढे दाबत जातो. व्हिडिओ प्रायव्हेट ठेव, चेक्स पूर्ण होऊ दे, क्लेम दिसला तर तेव्हाच मूळ प्रोजेक्ट उघडून दुरुस्त कर, तेव्हा तुझ्या हातात सगळे आवाज वेगवेगळे असतात आणि मनासारखं करता येतं. आणि गाऱ्हाण्याच्या वेळी आजोबांच्या सदऱ्याला साधा कॉलर माइक लाव. फोन दहा फुटांवर धरला की त्याला आजोबा आणि वाडीतला स्पीकर सारखेच ऐकू येतात. किंवा पलीकडच्या वाडीत पोराला पाठवून पाच मिनिटं आवाज कमी करायला सांग, गाऱ्हाणं चाललंय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार नाही.

इरेज झालं की मावशीला लिंक पाठव आणि 3:40 ला तिला काय ऐकू येतं ते विचार. देश बदलला की दिसणं बदलतं, त्यामुळे ब्लॉक खरंच उठला की नाही हे तुझ्या फोनवर कळणार नाही, ते मस्कतहूनच कळेल.